आत्याच्या बायपाससाठी तीन दिवस घरी जायचंय, वॉर्डन मॅडम "आत्या जवळच्या नात्यात येत नाही" म्हणतात

माळावरची · बुधवार, तारीख 4, रात्री 10.40

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्याच मुलींच्या हॉस्टेलला राहते. घर तुळजापूर तालुक्यात. माझ्या आत्याची बायपास सोलापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये ठरली आहे. रविवारी 15 ला ॲडमिट, मंगळवारी 17 ला ऑपरेशन.

मी तिसरीत असताना आई गेली. तेव्हापासून आत्यानेच मला आणि भावाला वाढवलं. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, ती आमच्याच घरात राहते. परवा फोनवर तिने फक्त एवढंच विचारलं, "तू असशील ना गं?"

आज रात्री हजेरीच्या वेळी मॅडमना विचारलं. सगळ्या मुली रांगेत होत्या. मॅडम म्हणाल्या, आईवडील किंवा सख्खं भावंड असेल तरच टर्म चालू असताना रजा मिळते, आत्या-मावशीला नाही. मला रडू आलं आणि मी काहीच न बोलता वर आले. 16 ते 18 अशी तीन दिवसांची रजा मागणार होते. अर्ज लिहून ठेवलाय, दोन पानं झालाय. 2 मार्चपासून इन-सेम आहे. आता काय करू?

सरळमार्ग · रात्री 11.05

तुझं वय 18 च्या वर आहे ना? मग सज्ञान माणसाला कुणी कोंडून ठेवू शकत नाही. रजिस्टरमध्ये "घरी जात आहे" लिही, सही कर आणि निघ. परवानगी मागायची गरजच नाही, नुसतं कळवायचं. मी लॉचा विद्यार्थी आहे, खात्रीने सांगतो.

तिसरा मजला · रात्री 11.20

आधी काळजी घे. माझं मागच्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला मेडिकल सर्टिफिकेटवर हजेरीत सूट मिळाली होती. तू फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला विसरू नकोस, त्याशिवाय परत खोलीत घेत नाहीत.

माळावरची · रात्री 11.24

ताई, ऑपरेशन माझं नाही, आत्याचं आहे.

जुनी वॉर्डन · गुरुवार, तारीख 5, सकाळी 6.50

बाळा, मी 11 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन होते, आता निवृत्त आहे. तुझ्या मॅडमच्या बाजूला काय चालतं ते आधी सांगते, म्हणजे अर्जात काय लिहायचं ते तुझं तुलाच कळेल.

माझ्याकडे एक मुलगी होती. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनला जाते म्हणून शुक्रवारी पास घेऊन गेली. रात्री दहाला तिच्या वडिलांचा फोन आला, "पोरगी फोन उचलत नाही, जरा बोलणं करून द्या." घरी ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. रजिस्टर घेऊन रात्री दोनपर्यंत मी चौकीत बसले होते. हवालदार एकच विचारत होता, "कुणाच्या सांगण्यावरून सोडलीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी घरी फोनच केला नव्हता. मुलगी दुसऱ्या दिवशी सुखरूप मिळाली. पण त्यानंतर मी कुणालाही नुसत्या तोंडी शब्दावर सोडलं नाही.

तेव्हा आत्याचं दुखणं खरं आहे की नाही, हा वॉर्डनपुढचा मोठा प्रश्न नसतो. हवालदाराने विचारलं तर दाखवायला हातात काय आहे, हा असतो. कुणी पाठवा म्हणालं, कुठे राहणार, कुणासोबत, परत कधी येणार. ही चार उत्तरं कागदावर असली की "नात्यात बसत नाही" हे वाक्य बरंच मऊ होतं.

सरळमार्ग, सज्ञान आहे हे बरोबर, गेटवर तिला कुणी हात धरून अडवणार नाही. पण प्रवेशाच्या वेळी तिने आणि वडिलांनी वसतिगृहाच्या नियमांच्या हमीपत्रावर सही केली आहे. नुसतं लिहून गेली तर रात्रीच्या हजेरीत गैरहजर लागेल, घरी फोन जाईल, आणि पुढच्या वर्षीची खोली त्या हमीपत्रावर अडकेल. घरात बायपास असताना हे ओढवून घेऊ नये.

आणि रात्रीच्या रांगेत विचारू नये गं. तेव्हा मॅडमच्या मागे दोनशे मुलींच्या सह्या असतात आणि सगळ्या ऐकत असतात. एकीला हो म्हटलं की उद्या दहा जणी उभ्या. सकाळी साडेदहानंतर ऑफिसात एकटी जा.

ड्यूटीनंतर · सकाळी 8.15

मी हृदयरोगाच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मला दुसरंच दिसतंय, 16 ते 18 या तारखाच चुकल्यात.

ऑपरेशनच्या दिवशी तू बाहेरच्या बाकड्यावर बसून राहशील. नंतर दोन ते तीन दिवस पेशंट आयसीयूत असते. तिथे नातेवाइकाला दिवसातून ठरलेल्या वेळी, एकेकाला, काही मिनिटंच सोडतात. पहिल्या दिवशी तर त्या झोपेच्या औषधात असतील, तू आलेली त्यांना कळेल की नाही हेही सांगता येत नाही. 18 ला तू परत फिरशील आणि 20 ला त्या वॉर्डात येतील. खरी गरज तिथून पुढे. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं. उठताना हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. ती उशी वेळेवर हातात द्यायलासुद्धा कुणीतरी लागतं. वेणी, अंग पुसणं, संडासला नेणं हे सगळं सोबतच्या माणसावर येतं.

आता मुद्द्याचं विचारते. घरात दुसरी बाई कोण आहे?

माळावरची · सकाळी 8.30

कुणीच नाही. बाबा, भाऊ आणि चुलतभाऊ. भाऊ बारावीला आहे, त्याची परीक्षा चालू आहे.

ड्यूटीनंतर · सकाळी 8.41

मग हेच अर्जात लिही. बायकांच्या जनरल वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकाला थांबू देत नाहीत. आमच्याकडे नऊला सगळ्या पुरुषांना बाहेर काढतात. सोबतीला बाईच लागते आणि तुमच्या घरात ती तूच आहेस. "मला आत्याजवळ असायचंय" म्हणालीस तर मॅडम भावना समजून घेतील. "वॉर्डात रात्री थांबायला दुसरी बाई नाही" म्हणालीस तर त्यांना रजा द्यायला कारण मिळेल.

आणि तारखेवर फार विसंबू नकोस. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती साधारण पाच दिवस आधी बंद करतात. साखर वाढली, सर्दी-खोकला झाला, रक्ताची सोय राहिली की तारीख पुढे जाते. महात्मा फुले योजनेतून करताय का? तसं असेल तर वरून मंजुरी आल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत.

माळावरची · सकाळी 8.52

हो, योजनेतूनच. आरोग्यमित्राने बाबांकडून रेशन कार्ड आणि आधार घेतलंय, मंजुरी यायची आहे. चार बाटल्या रक्ताचे दातेही आणायला सांगितलेत, ते चुलतभाऊ बघतोय.

जुनी वॉर्डन · सकाळी 9.30

रेशन कार्ड म्हणालीस ते फार बरं केलंस. त्यावर आत्याचं आणि तुझं, दोघींची नावं आहेत का? असतील तर नात्याचा वाद तिथेच संपतो. आत्या जवळची की लांबची हा प्रश्न उरत नाही, एका कार्डावरची, एका चुलीवरची माणसं ठरतात. त्याची झेरॉक्स लाव. हॉस्पिटलकडून ॲडमिशनच्या तारखेची चिठ्ठी घे. अँजिओग्राफीचा रिपोर्ट, किती नसा बंद वगैरे लावू नकोस. तो आत्याचा खासगी कागद आहे, ऑफिसात दहा हातांतून फिरायचं कारण नाही.

तारीख हलणार असेल तर अर्जात नुसती तारीख मागू नकोस, "ऑपरेशननंतर अमुक दिवसांनी" असं माग आणि आजच्या हिशोबाने येणारी तारीख त्याच्यापुढे लिही. पुढे तारीख सरकली तरी अर्ज तोच राहतो, फक्त फोन करून कळवायचं.

तुझ्या हॉस्टेलला वॉर्डनच्या अधिकारात किती दिवस असतात?

माळावरची · सकाळी 9.48

नियमांच्या कागदावर बघितलं. सलग पाच रात्रींपर्यंत वॉर्डन मॅडम, त्यापुढे रेक्टर सर. शनिवार-रविवारचा पास वेगळा, त्याला कारण लागत नाही.

दोघींच्या सांगण्यावरून असं सुचतंय. 13 ला शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघायचं, ऑपरेशनआधी आत्याला भेटायचं, रविवारी तिला ॲडमिट करून रात्री परत. हे साध्या पासवर होईल. मग 19 ला संध्याकाळी जायचं आणि 24 ला रात्री परत यायचं. पाच रात्री होतात.

पण एक अडचण आहे, काल लिहायची राहिली. आमचा पास ॲपवर असतो. आपण अर्ज टाकला की पालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जातो, तो त्यांनी सांगितला की पास निघतो. बाबांचा तो नंबर जानेवारीत रिचार्ज नसल्याने बंद पडला. आता नवीन सिम आहे. दिवाळीला जुन्या नंबरवर काम झालं होतं. आता शनिवार-रविवारचाही पास निघणार नाही.

जुनी वॉर्डन · सकाळी 10.05

मग तुझं पहिलं काम रजेचा अर्ज नाही, नंबर बदलण्याचा आहे. आणि तो रजेच्या अर्जाच्या बराच आधी व्हायला हवा. एकाच दिवशी मुलगी नवा नंबरही देते आणि त्याच नंबरवरून परवानगीही मिळवते, यावर वॉर्डनला सगळ्यात जास्त शंका येते. मीही घेतली असती. नव्या नंबरवर बोलणारा माणूस बापच आहे हे त्यांना कसं कळणार?

वडिलांच्या हाताची सही असलेला अर्ज, आधारची झेरॉक्स, प्रवेशावेळच्या फॉर्मवर होती तीच सही. आजच स्पीड पोस्टने पाठवायला सांग, पत्त्यावर वॉर्डन मॅडमचं पदनाम घाला. तुझ्या हातून आलेल्या कागदापेक्षा पोस्टाने थेट आलेला कागद जास्त धरतात. तोवर त्याचा फोटो मॅडमना दाखवून ठेव.

लेकीचा बाप · दुपारी 1.20

माझी मुलगी नाशिकला होस्टेलला आहे. मी एका फोनवर तिला घरी आणतो, कधी अडचण आली नाही. वडिलांनी मॅडमशी नीट, आवाज चढवून बोललं की सगळं होतं. मुलींना हे कागद गोळा करत का फिरवता?

माळावरची · दुपारी 1.45

काका, माझे बाबा फोनवर मॅडमशी बोलायला घाबरतात. "तूच सांग" म्हणतात. आवाज चढवणं त्यांना जमणार नाही.

जुनी वॉर्डन · दुपारी 2.10

जमू नये हेच बरं. त्यांनी फक्त तीन गोष्टी बोलायच्या: मी अमुकचा बाप बोलतोय, माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे, पोरीला पाठवा. मॅडम विचारतील, "कुठे उतरणार? स्टेशनवर कोण येणार?" त्याचं उत्तर त्यांना माहीत असू दे, बस. गावाकडचा बाप अडखळत बोलला तर वॉर्डनला ते खरंच वाटतं.

तुझी दोन पानं इथे टाक बघू.

माळावरची · दुपारी 4.30

सगळी टाकत नाही, सुरुवात अशी आहे: "माझी आत्या माझ्यासाठी आईपेक्षाही जास्त आहे. तिने माझ्यासाठी जे केले ते मी शब्दांत सांगू शकत नाही. अशा वेळी मी तिच्याजवळ नसेन तर मी स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही…"

जुनी वॉर्डन · संध्याकाळी 6.15

हे आत्याला पत्र म्हणून पाठव, ती जपून ठेवेल. मॅडमना हे दे:

> प्रति,
> मा. वॉर्डन, मुलींचे वसतिगृह
>
> विषय: आत्याच्या हृदय शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात सोबत थांबण्यासाठी पाच रात्रींची रजा मिळण्याबाबत
>
> महोदया,
> मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, खोली क्र. ___. मी तिसरीत असताना माझ्या आईचे निधन झाले. तेव्हापासून माझा सांभाळ आत्याने केला असून ती आमच्याच कुटुंबात राहते (शिधापत्रिकेची प्रत सोबत).
>
> तिची बायपास शस्त्रक्रिया सोलापूर येथे दि. 17 रोजी ठरली आहे. त्यानंतर तिला महिला वॉर्डात हलवतील. तेथे रात्री पुरुष नातेवाइकास थांबता येत नाही आणि आमच्या घरात माझ्याखेरीज दुसरी स्त्री नाही.
>
> म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांनी संध्याकाळपासून पाच रात्री, म्हणजे सध्याच्या तारखेनुसार दि. 19 संध्याकाळ ते दि. 24 रात्र, रजा मिळावी. तारीख बदलल्यास वडील नोंदणीकृत क्रमांकावरून कळवतील.
>
> प्रवास रेल्वेने. सोलापूर स्थानकावर वडील घेण्यास येतील. मुक्काम रुग्णालयात.

खाली तुझी सही, वडिलांची सही, वडिलांचा आणि चुलतभावाचा नंबर. एक पान. दोन प्रती कर आणि एकीवर पोच घे.

सरळमार्ग · रात्री 9.00

मॅडम, हमीपत्राचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मला वाटतं, मुलांच्या हॉस्टेलला पास फक्त गेटवर सही करून मिळतो आणि मुलींना घरून ओटीपी, हे बरोबर नाही.

जुनी वॉर्डन · रात्री 9.20

नाहीच बरोबर. मी नोकरीत असताना दोनदा लेखी मांडलं होतं, काही झालं नाही. पण ते भांडण या पोरीच्या 19 तारखेवर नको.

ड्यूटीनंतर · रात्री 11.50

एक राहिलं. हॉस्टेलची रजा म्हणजे कॉलेजची हजेरी नव्हे. मी जीएनएमला असताना वडिलांच्या हर्नियासाठी चार दिवस गेले. वॉर्डनने सही दिली, मला वाटलं झालं. आमच्याकडे प्रॅक्टिकल शंभर टक्के भरून द्यावं लागतं. वर्षाच्या शेवटी मैत्रिणी घरी गेल्या आणि मी चार दिवस एकटी ड्यूटी करत होते. तुमचं काय ते विभागात वेगळं विचार.

माळावरची · मंगळवार, तारीख 10, संध्याकाळी 5.30

बाबांचं पत्र काल आलं. नंबर आज बदलला. क्लार्क मॅडमनी जुन्या फॉर्मवरची सही काढून शेजारी ठेवून बघितली. जुनी वॉर्डन मॅडम म्हणाल्या होत्या अगदी तसंच.

आज अकराला ऑफिसात गेले. मॅडमनी अर्ज वाचला, "घरात दुसरी स्त्री नाही" या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "शेजारची, मामी, कुणीच नाही?" मी म्हटलं, मामी आहे पण तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे. मग त्यांनी माझ्यासमोर बाबांना फोन लावला. बाबा आधी गप्पच होते. मग एकदम म्हणाले, "पाठवा मॅडम, तिच्याशिवाय अक्का जेवणार नाही." मॅडमनी सही केली.

विभागप्रमुख सरांनी मात्र हजेरीचं काही सांगितलं नाही. एका विषयात माझी 77 टक्के आहे. सहा दिवसांत त्याची तीन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल जाईल. सर म्हणाले, "बघू, अर्ज ठेवून जा."

तिसरा मजला · संध्याकाळी 6.10

मागच्या वेळी मी घाईत वाचलं, सॉरी. मेसचं बघ. आमच्याकडे सलग तीन दिवसांच्या वर असलं तर पैसे वळते होतात, पण आदल्या दिवशी मेसच्या वहीत लिहावं लागतं. पास दाखवून नंतर मागितलं तर देत नाहीत.

माळावरची · सोमवार, तारीख 16, रात्री 8.00

शनिवार-रविवार जाऊन आले. ॲडमिट केल्यावर साखर 280 निघाली. ऑपरेशन शुक्रवारी 20 ला गेलं. बाबांनी आज नोंदवलेल्या नंबरवरून मॅडमना स्वतः फोन केला. रजा 22 संध्याकाळ ते 27 रात्र अशी झाली, मॅडमनी त्याच अर्जावर तारीख खोडून शेजारी सही केली.

पण आता 26 चं प्रॅक्टिकल सबमिशनही त्यात आलं. त्या बॅचच्या मॅडम म्हणतात दुसऱ्या बॅचबरोबर कर, लॅब असिस्टंट म्हणतात बॅच बदलता येत नाही.

ड्यूटीनंतर · रात्री 9.35

ज्या मॅडम हो म्हणाल्या त्यांच्याकडून जायच्या आधी दोन ओळी लिहून घे. नंतर कुणाला आठवत नाही.

साखरेमुळे पुढे ढकललं ते चांगलंच केलं. साखर जास्त असताना छातीची जखम भरायला त्रास होतो.

माळावरची · बुधवार, तारीख 25, रात्री 2.15

वॉर्डात आहे. आत्या काल बाहेर आली. सोमवारी रात्री आयसीयूत दहा मिनिटं भेटू दिलं होतं, तेव्हा ती ओळखीचं हसली. आत्ता झोपली आहे, उशी दोन्ही हातांनी धरून. मघाशी खोकल्याची उबळ आली तेव्हा उशी पायाशी सरकली होती, मी उचलून दिली. समोरच्या खाटेवरच्या आजींजवळ रात्री कुणी नाही, त्यांचा मुलगा खाली पार्किंगमध्ये झोपतो. त्यांनाही पाणी मीच देते.

प्रॅक्टिकलचं दोन ओळींचं पत्र मिळालं. हजेरीचं अजून काहीच कळलं नाही. डिस्चार्ज शनिवारी 28 ला म्हणतात आणि माझी रजा 27 ला संपते. त्या एका रात्रीसाठी रेक्टर सरांकडे जावं लागेल का?

जुनी वॉर्डन · सकाळी 6.30

नियमाने हो, सहावी रात्र त्यांच्या अधिकारात. पण शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार-रविवारचा पास लागतो ना? सकाळी साडेदहाला मॅडमना फोन कर आणि विचार, 27 ला परत न येता तिथूनच तो पास धरता येईल का. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी आधी परत येऊन हजेरी लावावी लागते. वडिलांना शेजारी बसवून फोन कर.

माळावरची · सकाळी 11.10

धरला. ओटीपी बाबांच्या नंबरवर आला. बाबांनी चष्मा लावून एकेक आकडा वाचून दाखवला.